एनोलेटचा ऑक्सिजन झाकलेला आहे की मोकळा?

इथाइल ॲसिटोॲसिटेटच्या अल्किलेशनमध्ये उत्पन्न कमी आलं, की बहुतेक प्रयोगवह्यांत एकच वाक्य लिहिलेलं सापडतं: अभिक्रिया अपूर्ण राहिली, सुरुवातीचा एस्टर परत मिळाला. पुष्कळदा ते खरंही असतं. पण काही वेळा अभिक्रिया पूर्ण झालेली असते. अल्किल गट कार्बनऐवजी ऑक्सिजनवर बसलेला असतो आणि नंतर तुम्ही केलेल्या आम्लाच्या धुण्यात तो निघून गेलेला असतो. ऑक्सिजनवर अल्किल गट बसून तयार होतो तो एनॉल ईथर, आणि पातळ आम्लात त्याचं पाण्याशी विघटन होऊन पुन्हा इथाइल ॲसिटोॲसिटेट आणि अल्कोहोल मिळतं. परत मिळालेला एस्टर पाहून आपण वेळ वाढवतो, तापमान वाढवतो, हॅलाइड जास्त घालतो. या तिन्ही उपायांनी मूळ प्रश्नाला हातही लागत नाही.

म्हणून हा लेख एमएस्सीच्या प्रयोगशाळेत किंवा कंपनीच्या आर अँड डी विभागात अशी अभिक्रिया लावणाऱ्यांसाठी. उदाहरण एकच धरतो, इथाइल ॲसिटोॲसिटेटचं, कारण या एका रेणूवर सगळ्यांत नेटकं काम झालेलं आहे आणि त्यावरून बाकीच्या एनोलेटांचा अंदाज बांधता येतो.

इथाइल ॲसिटोॲसिटेटचं सूत्र CH3COCH2COOC2H5. दोन कार्बोनिल गटांच्या मधल्या CH2 मधला एक प्रोटॉन बेसने काढला की जो ऋणायन उरतो, त्याचा ऋणभार एका जागी राहत नाही. तो मधला कार्बन आणि दोन्ही बाजूंचे ऑक्सिजन यांच्यात पसरलेला असतो. अल्किल हॅलाइडवर हल्ला कार्बनही करू शकतो, ऑक्सिजनही. अशा दोन तोंडांच्या ऋणायनांना ‘ॲम्बिडेंट’ हे नाव नॅथन कॉर्नब्लूम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1955 मध्ये दिलं. कार्बनवर गट बसला तर अल्किल ॲसिटोॲसिटेट मिळतो. कीटोन आणि एस्टर दोन्ही शाबूत. ऑक्सिजनवर (व्यवहारात कीटोनच्या बाजूच्या) बसला तर ३-अल्कॉक्सी क्रोटोनेट एस्टर मिळतो. दोघांचं रेणुसूत्र एकच, त्यामुळे मास स्पेक्ट्रममध्ये दोघांचं आण्विक वस्तुमान तंतोतंत सारखं दिसतं. एलसी-एमएसवर अपेक्षित वस्तुमान दिसलं म्हणजे अपेक्षित पदार्थ मिळाला, असं इथे धरून चालत नाही.

दोन जागांमधला फरक नीट समजून घ्यायला हवा, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. ऑक्सिजन जास्त विद्युतऋण, म्हणून भाराचा मोठा वाटा त्याच्याकडे असतो. कार्बनकडे भार कमी, पण कार्बनवर गट बसला तर मजबूत कार्बोनिल बंध परत मिळतो, त्यामुळे कार्बनवर अल्किलेशन झालेला पदार्थ सहसा जास्त स्थिर असतो. म्हणजे भाराचा ओढा ऑक्सिजनकडे आणि अंतिम स्थैर्याचा ओढा कार्बनकडे. आणि एकदा बसलेला साधा अल्किल गट या परिस्थितीत उठून दुसरीकडे जात नाही. जो वेगाने झाला तोच पदार्थ शिल्लक राहतो. त्यामुळे अभिक्रिया जास्त वेळ चालू ठेवली तर ऑक्सिजनवरचा पदार्थ हळूहळू कार्बनवरच्या पदार्थात बदलेल, ही आशा सोडून द्यावी.

आता मुख्य प्रश्न. ऑक्सिजनकडे भार जास्त असेल, तर आपल्या नेहमीच्या इथेनॉलमधल्या अल्किलेशनमध्ये तो बाजी का मारत नाही? कारण तो मोकळा नसतो. ज्या जागेवर भार जास्त, तिथेच द्रावकाचे हायड्रोजन आणि धातूचे धनायन येऊन चिकटतात. इथेनॉलसारख्या प्रोटिक द्रावकात ऑक्सिजनभोवती हायड्रोजन बंधांचं वेष्टण असतं. हल्ला करायचा तर ते आधी तोडावं लागतं. कार्बनभोवती असं वेष्टण जवळपास नसतं. टेट्राहायड्रोफ्युरानसारख्या कमी ध्रुवीय द्रावकात हायड्रोजन बंध नसले, तरी ऋणायन आणि धनायन वेगळे होत नाहीत. सोडियम किंवा पोटॅशियम दोन ऑक्सिजनांच्या मध्ये चिमट्यात धरल्यासारखा बसलेला असतो. इथेही ऑक्सिजन झाकलेला आणि कार्बन उघडा. डायमिथाइल सल्फॉक्साइड (डीएमएसओ), डायमिथाइल फॉर्मामाइड (डीएमएफ) आणि हेक्सामिथाइल फॉस्फोरामाइड (एचएमपीए) यांच्यात मात्र वेगळंच घडतं. हे द्रावक धनायनाला आपल्या ऑक्सिजनने घट्ट वेढून दूर नेतात, पण ऋणायनाला देण्यासारखा हायड्रोजन त्यांच्याकडे नसतो. एनोलेटचा ऑक्सिजन उघडा पडतो आणि त्याचा भार कामाला लागतो.

हे किती टोकाला जातं, ते मॉस्कोमध्ये कुर्ट्स, बेलेत्स्काया, रेउतोव्ह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या कामातून दिसतं. इथाइल ॲसिटोॲसिटेटचं पोटॅशियम एनोलेट आणि डायइथाइल सल्फेट, एवढंच ठेवून फक्त द्रावक बदलला. एचएमपीएमध्ये सुमारे 83 टक्के ऑक्सिजनवरचा पदार्थ आणि 15 टक्के कार्बनवरचा. तृतीयक ब्युटाइल अल्कोहोलमध्ये ऑक्सिजनवरचा पदार्थ शून्य, कार्बनवरचा सुमारे 94 टक्के. राहिलेला भाग दोनदा अल्किलेशन झालेला. टेट्राहायड्रोफ्युरानमध्येही हेच चित्र. एनोलेट तेच, अल्किल गट तोच, लीव्हिंग ग्रुप तोच, आणि निकाल एका टोकावरून दुसऱ्या टोकाला गेला.

या आकड्यांकडे पुन्हा पाहा, कारण त्यांत एक गोष्ट दडलेली आहे जी वर्गात सहसा सांगितली जात नाही. डायइथाइल सल्फेट हा पाठ्यपुस्तकाच्या भाषेत ‘हार्ड’ अभिकारक. तो ऑक्सिजनकडे जातो असं आपण पाठ करतो. पण तृतीयक ब्युटाइल अल्कोहोलमध्ये तो ऑक्सिजनकडे अजिबात गेला नाही. म्हणजे लीव्हिंग ग्रुपचं म्हणणं ऐकलं जातं ते ऑक्सिजन मोकळा झाल्यावरच. ऑक्सिजन झाकलेला असेल तर कोणताही नेहमीचा प्राथमिक अल्किल अभिकारक घाला, कार्बनच जिंकतो. म्हणून अभिक्रिया आखताना माझा आग्रह असतो की पहिला प्रश्न हार्ड-सॉफ्टचा विचारू नये. ऑक्सिजनवर आत्ता कोण बसलं आहे, हा विचारावा.

धनायनाचं काम याच प्रश्नाचा दुसरा भाग आहे. लिथियम लहान, त्याचा भार एकवटलेला, ऑक्सिजनशी त्याची पकड घट्ट. शिवाय लिथियम एनोलेट टेट्राहायड्रोफ्युरानमध्ये एकेकटी न राहता झुंडीने राहतात आणि त्यात ऑक्सिजन आणखी आत दडतो. म्हणूनच साध्या कीटोनचं लिथियम एनोलेट आणि अल्किल आयोडाइड ही जोडी कार्बनच्या बाबतीत इतकी भरवशाची आहे. सोडियम, पोटॅशियम, सीझियम असं खाली जावं तशी पकड सैल होत जाते, आणि चतुर्थक अमोनियमसारख्या मोठ्या धनायनाशी ती आणखी सैल. पोटॅशियमला १८-क्राउन-६ दिला तर तो त्याच्या कड्यात जाऊन बसतो आणि कमी ध्रुवीय द्रावकातही ऑक्सिजनचा वाटा वाढतो. सोडियमसाठी १५-क्राउन-५ योग्य मापाचा. मात्र एचएमपीएसारख्या द्रावकात धनायन आधीच बाजूला नेलेला असतो. तिथे सोडियमच्या जागी पोटॅशियम आणल्याने फारसं काही हाती लागत नाही. धनायन बदलून पाहायचा तर टेट्राहायड्रोफ्युरान किंवा डायमेथॉक्सीइथेनसारख्या द्रावकात पाहावा, कारण बदल दिसेल तो तिथेच.

आणि आता लीव्हिंग ग्रुप. ऑक्सिजन मोकळा आहे असं धरू: पोटॅशियम एनोलेट, द्रावक एचएमपीए, अल्किल गट इथाइल. इथाइल टोसिलेट घेतला तर ऑक्सिजनवर सुमारे 88 टक्के, कार्बनवर 11. इथाइल क्लोराइड घेतला तर ऑक्सिजनवर सुमारे 60, कार्बनवर 32. इथाइल आयोडाइड घेतला तर चित्र उलटं: ऑक्सिजनवर जेमतेम 13 आणि कार्बनवर 71 टक्के. ब्रोमाइड या दोघांच्या मध्ये पडतो. टोसिलेट आणि सल्फेट ऑक्सिजनच्या बाजूचे, आयोडाइड कार्बनच्या बाजूचा, हा क्रम लक्षात ठेवण्यासारखा आहे. कारण सांगताना नेहमी म्हटलं जातं की कार्बन-आयोडीन बंधाचं टोक ‘सॉफ्ट’, म्हणून ते सॉफ्ट कार्बनशी जुळतं. टोसिलेटमध्ये कार्बनवरचा धनभार जास्त, म्हणून तो भारवान ऑक्सिजनकडे ओढला जातो. प्रयोगमेजापाशी उभं राहून पटकन अंदाज बांधायला हे चालतं. पण हर्बर्ट मायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2011 मध्ये वेगमोजणीच्या आधारावर दाखवलं की ॲम्बिडेंट ऋणायनांच्या वर्तनाचं कारण म्हणून हार्ड-सॉफ्टची कल्पना टिकत नाही. अनेक ठिकाणी ती चुकीचं भाकीत करते. म्हणून मी हा क्रम प्रयोगातून आलेली नोंद म्हणून वापरतो, नियम म्हणून नाही.

यातच आणखी एक गैरसमज दूर करावा. ‘जितका जास्त क्रियाशील अभिकारक, तितका ऑक्सिजन जास्त’ असं सरसकट म्हटलेलं ऐकू येतं. इथाइल आयोडाइड हा इथाइल क्लोराइडपेक्षा कितीतरी जास्त क्रियाशील आहे आणि तरीही तो कार्बनकडे जास्त जातो. क्रियाशीलता आणि जागेची निवड या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

आता कार्बनवर अल्किलेशन हवं असेल तर काय करायचं, ते एका प्रत्यक्ष कृतीतून पाहू. ‘ऑर्गॅनिक सिंथेसिस’मधली इथाइल n-ब्युटाइल ॲसिटोॲसिटेटची जुनी कृती आजही उत्तम आहे, तिचा पन्नासावा भाग धरू. 50 मिलिलिटर निर्जल इथेनॉलमध्ये 2.3 ग्रॅम सोडियम थोडं थोडं करून विरघळवायचं. हायड्रोजन निघतो, म्हणून धूरपेटीत आणि ज्योतीपासून दूर. त्यात 13 ग्रॅम इथाइल ॲसिटोॲसिटेट, मग उकळत्या अवस्थेत हळूहळू 15 ग्रॅम n-ब्युटाइल ब्रोमाइड, म्हणजे दहा टक्के जास्त. द्रावण लिटमसला उदासीन होईपर्यंत रिफ्लक्स, साधारण 10 ते 14 तास. तळाशी सोडियम ब्रोमाइडचा पांढरा थर साचत जातो. सगळा बाहेर पडला तर तो 10.3 ग्रॅम भरेल. लिटमसची चाचणी इथे खरं घड्याळ आहे, कारण बेस संपला म्हणजे एनोलेट संपलं. मग मीठ वेगळं करून इथेनॉल ऊर्ध्वपातनाने काढायचं, पाण्याने धुवायचं आणि कमी दाबाखाली पदार्थ गोळा करायचा. 16 मिलिमीटर दाबाला तो 112 ते 117 अंशांना येतो. मूळ कृतीचं उत्पन्न 69 ते 72 टक्के, म्हणजे या मापात सुमारे 13 ग्रॅम.

या कृतीत प्रत्येक निवड कार्बनच्या बाजूची आहे. द्रावक प्रोटिक, धनायन सोडियम, लीव्हिंग ग्रुप ब्रोमाइड, हॅलाइड प्राथमिक. इथे उत्पन्न 70 च्या आसपास थांबतं त्याला ऑक्सिजन फारसा जबाबदार नाही. दुसरीच वाट आहे: तयार झालेल्या ब्युटाइल ॲसिटोॲसिटेटमध्ये अजून एक आम्लधर्मी हायड्रोजन शिल्लक असतो. न वापरलेलं एनोलेट तो प्रोटॉन उचलतं, मग हा ब्युटाइल ॲसिटोॲसिटेट पुन्हा ब्युटाइल घेतो आणि दोन ब्युटाइलचा एस्टर तयार होतो. त्याची जोडी म्हणून तितकाच इथाइल ॲसिटोॲसिटेट न वापरता उरतो. म्हणजे परत मिळालेल्या एस्टरची दोन कारणं असू शकतात, आणि त्यांचे उपाय अगदी वेगळे. दुहेरी अल्किलेशन असेल तर एस्टर थोडा जास्त घ्यावा आणि हॅलाइड सावकाश घालावा. ऑक्सिजन असेल तर द्रावक बदलावा.

मग या दोघांत फरक कसा करायचा? त्यासाठी छोट्या प्रमाणावर एक तुलना लावावी. मला ती सगळ्यांत शिकवून जाणारी वाटते. इथाइल ॲसिटोॲसिटेटचं पोटॅशियम मीठ आधी वेगळं करून, कोरडं करून ठेवावं. प्रत्येक फ्लास्कमध्ये 10 मिलिमोल, म्हणजे 1.68 ग्रॅम. एका जोडीत द्रावक तृतीयक ब्युटाइल अल्कोहोल, दुसऱ्या जोडीत कोरडं डीएमएसओ, प्रत्येकी 20 मिलिलिटर. प्रत्येक जोडीत एका फ्लास्कला इथाइल आयोडाइड 1.56 ग्रॅम, दुसऱ्याला इथाइल टोसिलेट 2.0 ग्रॅम. एचएमपीए मुद्दामच टाळला आहे: प्राण्यांमध्ये तो कर्करोगकारक ठरलेला आहे, आणि हा मुद्दा पाहायला डीएमएसओ पुरेसं आहे. फक्त एचएमपीएचे टोकाचे आकडे डीएमएसओमध्ये अपेक्षू नयेत. इथे मिश्रणं मिळतील आणि दिशा कळेल. सोडियम हायड्राइड थेट डीएमएसओ किंवा डीएमएफमध्ये टाकण्याचा मोहही टाळावा. या मिश्रणांत उष्णता वाढत जाऊन अभिक्रिया हाताबाहेर गेल्याचे अपघात नोंदलेले आहेत. मीठ आधी वेगळं करून घेण्याचं हे एक मोठं कारण. इथाइल आयोडाइड आणि टोसिलेट दोन्ही आपल्या पेशींनाही अल्किलेट करू शकतात, म्हणून हातमोजे आणि धूरपेटी हवीच.

कोरडेपणाबद्दल इथे थोडं थांबतो. डीएमएसओ हवेतलं पाणी झपाट्याने शोषतं, आणि कोकणपट्टीतल्या जुलै महिन्यात उघडी राहिलेली बाटली फार दिवस विश्वासाची राहत नाही. 20 मिलिलिटर डीएमएसओचं वजन 22 ग्रॅम. त्यात फक्त एक टक्का पाणी असेल तर ते 0.22 ग्रॅम, म्हणजे सुमारे 12 मिलिमोल. आपल्या एनोलेटपेक्षा पाण्याचे रेणूच जास्त झाले! ते सगळेच एनोलेटच्या ऑक्सिजनला चिकटतील असं नाही, कारण डीएमएसओही पाण्याला धरून ठेवतो. पण जो ऑक्सिजन मोकळा करण्यासाठी हा द्रावक निवडला, त्याच्यावर पुन्हा हायड्रोजन बंध आणून बसवण्याची सोय आपणच केलेली असते. पावसाळ्यात प्रमाण कार्बनकडे सरकलेलं दिसलं तर आधी द्रावकातलं पाणी मोजावं.

अभिक्रिया संपल्यावर खरी काळजी सुरू होते. फ्लास्क बर्फाच्या पाण्यात ओतताना त्या पाण्यात सोडियम बायकार्बोनेट असावं. आम्ल अजिबात नको. ईथरने काढावं, डीएमएसओ जाईपर्यंत सेंद्रिय थर थंड पाण्याने अनेकदा धुवावा, कोरडा करावा, द्रावक उडवावा आणि हा कच्चा पदार्थ कोणत्याही शुद्धीकरणाआधी एनएमआरला द्यावा. सिलिकाच्या स्तंभावर घालण्याआधीच, कारण सिलिका थोडी आम्लधर्मी असते आणि एनॉल ईथरचा काही भाग तिथेही तुटू शकतो. शुद्ध केलेल्या पदार्थाचा स्पेक्ट्रम सुंदर दिसतो, पण आपल्याला हव्या त्या प्रश्नाचं उत्तर त्यातून पुसलं गेलेलं असतं.

ड्युटेरोक्लोरोफॉर्ममध्ये घेतलेल्या प्रोटॉन एनएमआरमध्ये काय पाहायचं? कार्बनवर इथाइल बसलेल्या पदार्थात दोन कार्बोनिलांच्या मधला एकटा हायड्रोजन 3.3 पीपीएमच्या आसपास ट्रिपलेट म्हणून दिसतो. ऑक्सिजनवर इथाइल बसलेल्या पदार्थात दुहेरी बंधावरचा एक हायड्रोजन 5.0 च्या आसपास सिंगलेट म्हणून, आणि ऑक्सिजनला जोडलेला नवा OCH2 सुमारे 3.8 ला क्वार्टेट म्हणून. एस्टरचा OCH2 वेगळा, 4.1 ते 4.2 ला. म्हणजे 5.0 आणि 3.3 ची क्षेत्रफळं ताडून पाहिली की झालं, असं वाटेल. इथेच एक खड्डा आहे. न वापरलेल्या इथाइल ॲसिटोॲसिटेटचा काही भाग, खोलीच्या तापमानाला सुमारे 8 टक्के, एनॉल रूपात असतो, आणि त्याच्या दुहेरी बंधावरचा हायड्रोजनही जवळपास 5.0 लाच येतो. हा एनॉल ऑक्सिजनवरच्या अल्किलेशनचा पदार्थ समजला जातो आणि प्रमाण चुकतं. ओळखण्याची खूण म्हणजे 12.1 च्या आसपासचा एनॉल OH चा संकेत. एनॉल ईथरमध्ये तो असणं शक्यच नाही.

एक उदाहरण घेऊ. समजा 3.3 च्या ट्रिपलेटचं क्षेत्रफळ 1.00 धरलं. 5.0 च्या जागी 0.45 आलं, 3.8 च्या क्वार्टेटला 0.80. क्वार्टेट दोन हायड्रोजनांचा, म्हणून एका हायड्रोजनामागे 0.40. म्हणजे 5.0 च्या संकेतातला 0.40 भागच एनॉल ईथरचा आहे आणि 0.05 उरलेल्या एस्टरच्या एनॉलचा. 12.1 ला सुमारे 0.05 दिसलं तर हिशोब जुळला. ऑक्सिजन आणि कार्बन यांचं खरं प्रमाण 40 ला 100. घाईत 45 ला 100 लिहिलं असतं. मूळ एस्टर भरपूर उरलेला असेल तर हीच चूक फार मोठी होते. आणखी एक लक्षात ठेवावं: दोनदा अल्किलेशन झालेल्या पदार्थात मधला हायड्रोजनच उरत नाही, त्यामुळे तो या दोन्ही संकेतांत मोजला जात नाही. तो बराच असेल तर जीसीवर त्याचं वेगळं शिखर शोधून कार्बनच्या खात्यात जमा करावं, नाहीतर कार्बनचा वाटा आहे त्यापेक्षा कमी दिसेल.

एनएमआर लगेच मिळत नसेल तर अवरक्त स्पेक्ट्रम बराच आधार देतो. कार्बनवरच्या पदार्थात एस्टर आणि कीटोन या दोघांचे कार्बोनिल पट्टे जवळजवळ दिसतात; एनॉल ईथरमध्ये संयुग्मित एस्टरचा एक पट्टा आणि 1620 च्या आसपास दुहेरी बंधाचा जोरदार पट्टा. 1620 चा पट्टा ठळक असेल आणि आम्लाने हलवल्यावर तो गेला, तर संशय घ्यायला जागा राहत नाही. फक्त एनॉलचा पट्टाही त्याच भागात येतो, म्हणून मूळ एस्टर उरलेला नाही याची खात्री आधी हवी.

हे सगळं प्राथमिक अल्किल गटांबद्दल झालं. अल्किल गट बदलला की तोल पुन्हा सरकतो. आयसोप्रोपिलसारखा द्वितीयक गट असेल तर कार्बनपाशी गर्दी होते, कारण त्या कार्बनवर आधीच दोन मोठे कार्बोनिल गट आहेत. ऑक्सिजनचं टोक तुलनेने मोकळं. त्यामुळे ध्रुवीय अप्रोटिक द्रावकात द्वितीयक टोसिलेट वापरणं म्हणजे ऑक्सिजनला तिन्ही बाजूंनी मदत करणं. इथे कार्बन हवा असेल तर प्रोटिक द्रावक आणि आयोडाइड किंवा ब्रोमाइड, आणि उत्पन्नाची अपेक्षा थोडी खाली. बेंझिल आणि अलिल हॅलाइड मात्र कार्बनकडे चांगले जातात. अलिलच्या बाबतीत एक वेगळी शक्यताही असते: ऑक्सिजनवर बसलेला अलिल गट तापवल्यावर क्लेझेन पुनर्रचनेने कार्बनवर जाऊ शकतो. लुडविग क्लेझेन यांनी 1912 मध्ये ही पुनर्रचना प्रसिद्ध केली, तेव्हा त्यांच्या उदाहरणांत ॲसिटोॲसिटेटचाच अलिल एनॉल ईथर होता. त्यामुळे तापवलेल्या अलिल अभिक्रियेत कार्बनवरचा पदार्थ पाहून तो थेट तयार झाला असं म्हणता येत नाही. अलिलऐवजी क्रोटिल गट वापरला तर पुनर्रचनेत साखळी उलटी जोडली जाते आणि मार्ग ओळखता येतो.

एनोलेटचा आकारही पाहावा. ॲसिटोॲसिटेटमध्ये दोन्ही ऑक्सिजन एका बाजूला वळून धातूला मध्ये धरू शकतात. म्हणूनच तो चिमटा बनतो. १,३-सायक्लोहेक्झेनडायोनमध्ये वलयामुळे दोन ऑक्सिजन विरुद्ध दिशांना तोंड करून अडकलेले असतात. चिमटा बनत नाही, धातू ऑक्सिजनांना नीट झाकू शकत नाही, आणि ऑक्सिजनवरचं अल्किलेशन त्रास देण्याइतकं वाढतं. ॲसिटोॲसिटेटसाठी भरवशाची असलेली कृती इथे तशीच उचलली तर निराशा होते. इथे पाणी किंवा अल्कोहोल हाच द्रावक आणि आयोडाइड हाच अभिकारक, यांच्यापासून हलू नये.

आणि मुळात ऑक्सिजनवरचाच पदार्थ हवा असेल तर? ध्रुवीय अप्रोटिक द्रावक, पोटॅशियम किंवा सीझियमचं मीठ, टोसिलेट किंवा सल्फेट ही वाट आहे, पण ती मी शेवटी धरेन. इथाइल ॲसिटोॲसिटेट आणि ट्रायइथाइल ऑर्थोफॉर्मेट यांना थोड्या आम्ल उत्प्रेरकासोबत ठेवलं तर इथाइल ३-इथॉक्सीक्रोटोनेट मिळतो, आणि कार्बनवर इथाइल बसण्याचा प्रश्नच उरत नाही, कारण इथे एनोलेट नाही आणि अल्किल हॅलाइडही नाही. १,३-सायक्लोहेक्झेनडायोनच्या बाबतीत तर अल्कोहोल आणि थोडं पॅरा-टोल्यूइनसल्फोनिक आम्ल घेऊन, तयार होणारं पाणी डीन-स्टार्क उपकरणाने काढत राहिलं की एनॉल ईथर चांगल्या उत्पन्नाने मिळतो. आम्लात एनॉल ईथर तुटतो असं वर म्हटलं, ते पाणी हजर असताना. इथे पाणी सतत बाहेर जात असल्याने तोच समतोल उलट्या दिशेने चालतो. म्हणून उपकरणाच्या नळीत पाण्याचा थर वाढायचा थांबला की तापवणं थांबवावं आणि पाण्याशी संपर्क येण्याआधी आम्ल बेसने उदासीन करून घ्यावं.